बिल १,००० दिरहॅमचं, मग कार्डावर २६ हजार रुपये कसे कापले गेले?

दुबईच्या एका हॉटेलातला मुक्काम संपवून नाशिकचं एक कुटुंब काउंटरवर उभं आहे, असं समजू. बिल झालंय १,००० दिरहॅम. वहिनींनी मोबाइलवर दर पाहिला, एका दिरहॅमला साडेचोवीस रुपये. म्हणजे २४,५०० रुपये. ठीक आहे, ठरवलेल्या खर्चात बसतंय.

काउंटरवरच्या माणसाने कार्ड मशीन पुढे केलं. स्क्रीनवर दोन आकडे होते, `AED 1,000.00` आणि `INR 25,725.00`. तो हिंदीत म्हणाला, रुपयांत करून टाकू का मॅडम, म्हणजे तुम्हाला हिशेब कळेल. वहिनींनाही ते बरं वाटलं. आपलेच रुपये, समोर दिसतायत, मागाहून काही भानगड नको. त्यांनी रुपयांचं बटण दाबलं.

महिनाअखेरीस क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट आलं. त्यात २५,७२५ रुपये तर होतेच, पण खाली आणखी दोन ओळी होत्या. एक २५७ रुपये २५ पैशांची आणि दुसरी ४६ रुपये ३१ पैशांची. एकूण २६,०२८ रुपये ५६ पैसे. मोबाइलवर पाहिलेल्या आकड्यापेक्षा दीड हजाराहून जास्त.

अशा स्टेटमेंटचे स्क्रीनशॉट सोशल मीडियावर सतत फिरत असतात. सोबत कधी बँकेला शिव्या असतात, कधी हॉटेलला, कधी सरकारला. खरं सांगायचं तर या उदाहरणात कायद्याच्या भाषेत कुणीच फसवलेलं नाही. प्रत्येकाने आपापल्या नियमात बसणारे पैसे घेतले आहेत. पण या दीड हजारांपैकी साधारण हजार रुपये त्या कार्डावर टळणार नव्हते आणि उरलेले ५१७ रुपये फक्त चुकीचं बटण दाबल्यामुळे गेले. ते कसे, हे समजण्यासाठी आधी त्या मशीनमागे काय घडतं ते पाहावं लागेल.

दर नेमका ठरवतं कोण?

कार्ड मशीनला लावलं की चार जण कामाला लागतात. पहिलं हॉटेल. दुसरी हॉटेलची बँक, म्हणजे ज्या बँकेने ते मशीन दिलं आहे ती. तिसरं कार्डाचं नेटवर्क, म्हणजे व्हिसा किंवा मास्टरकार्डसारखी कंपनी. आणि चौथी आपली बँक, जिने कार्ड दिलं. हॉटेलला पैसे दिरहॅममध्ये हवे असतात, ग्राहकाचं खातं रुपयांत असतं. मध्ये कुठेतरी एका चलनाचं दुसऱ्या चलनात रूपांतर करावंच लागतं. सगळा खेळ हे रूपांतर कोण करणार यावर आहे, कारण जो रूपांतर करतो तो दर ठरवतो.

बिल दिरहॅममध्ये केलं, तर रूपांतर नेटवर्क करतं. व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोघांच्याही संकेतस्थळांवर दर पाहण्याचा कॅल्क्युलेटर आहे, तिथे तारीख आणि चलन टाकलं की त्यांचा दर दिसतो. हा दर गूगलवर दिसणाऱ्या दराच्या बराच जवळ असतो. अगदी तोच नसतो, कारण गूगलवर दिसतो तो खरेदी आणि विक्रीच्या दरांमधला मधला दर असतो. त्या दराने सामान्य माणसाला कुठेच चलन मिळत नाही.

नेटवर्कने काढलेल्या रुपयांच्या रकमेवर मग आपली बँक आपलं शुल्क लावते. याला फॉरेक्स मार्कअप म्हणतात. भारतातल्या बहुतेक क्रेडिट कार्डांवर ते २ ते ३.५ टक्क्यांच्या दरम्यान असतं. हे शुल्क म्हणजे बँकेची सेवा, म्हणून त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. लक्षात घ्यायची गोष्ट अशी की जीएसटी पूर्ण बिलावर नाही, फक्त शुल्कावर लागतो. त्यामुळे ३.५ टक्के मार्कअप प्रत्यक्षात ४.१३ टक्के होतो.

वहिनींचं कार्ड ३.५ टक्केवालं होतं असं धरून दिरहॅमचा हिशेब करू. नेटवर्कचा दरही सोयीसाठी साडेचोवीसच धरू. मूळ रक्कम २४,५०० रुपये. त्यावर मार्कअप ८५७ रुपये ५० पैसे. मार्कअपवर जीएसटी १५४ रुपये ३५ पैसे. एकूण २५,५११ रुपये ८५ पैसे. म्हणजे योग्य बटण दाबलं असतं तरी मोबाइलवरच्या आकड्यापेक्षा १,०११ रुपये ८५ पैसे जास्त गेलेच असते. दुकानातली पाटी, वेबसाइट किंवा मोबाइलवरचा दर यांत हे शुल्क कधीच धरलेलं नसतं, आणि धरता येणारही नाही. ग्राहकाच्या खिशात कोणत्या बँकेचं कोणतं कार्ड आहे, हे त्यांना कुठून कळणार?

मग रुपयांच्या बटणामागे काय आहे?

त्या सोयीचं नाव आहे डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन, थोडक्यात डीसीसी. कार्डाच्या क्रमांकाचे सुरुवातीचे आकडे वाचून मशीन ओळखतं की हे कार्ड भारतातल्या बँकेचं आहे. लगेच ते रुपयांचा पर्याय पुढे करतं. जर्मनीतल्या बँकेचं कार्ड लावलं असतं तर त्याच मशीनने युरो दाखवले असते.

हा पर्याय निवडला की रूपांतराचं काम नेटवर्ककडून निघून हॉटेलच्या बँकेकडे किंवा तिने नेमलेल्या डीसीसी कंपनीकडे जातं. दर ती ठरवते आणि त्यात स्वतःचा नफा आधीच मिसळलेला असतो. आपल्या उदाहरणात एका दिरहॅमला २५ रुपये ७२ पैशांहून थोडा जास्त दर लावला गेला, म्हणजे मूळ दरापेक्षा ५ टक्के चढा. हे प्रमाण जागेजागी बदलतं. कुठे कमी असतं, विमानतळ आणि पर्यटकांच्या गर्दीच्या ठिकाणी बरंच जास्तही असतं. या नफ्यातला वाटा अनेकदा दुकानदारालाही मिळतो. काउंटरवरचा माणूस रुपयांचा आग्रह का धरतो, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं.

इथवर ठीक होतं. २५,७२५ रुपये स्क्रीनवर दिसत होते, तेवढेच गेले असते तरी वहिनींनी फारशी तक्रार केली नसती. पण त्यांच्या बँकेने वर आणखी पैसे का घेतले? व्यवहार तर रुपयांत झाला होता.

बँकेच्या नजरेत चलन रुपया असलं तरी दुकान परदेशातलं आहे. हा व्यवहार आंतरराष्ट्रीय मार्गानेच येतो आणि त्याचा खर्च बँकेला येतो. पूर्वी अनेक बँका अशा व्यवहारांवर वेगळं काही घेत नसत. आता कितीतरी कार्डांच्या शुल्कपत्रकात यासाठी स्वतंत्र ओळ असते, परदेशी दुकानात रुपयांत केलेल्या व्यवहारावर साधारण १ टक्का आणि त्यावर जीएसटी. काही कार्डांवर हा आकडा त्याहून जास्त आहे. २५,७२५ चा १ टक्का म्हणजे २५७ रुपये २५ पैसे आणि त्याचा १८ टक्के जीएसटी ४६ रुपये ३१ पैसे. स्टेटमेंटमधल्या त्या दोन ओळी याच.

आता दोन्ही वाटा शेजारी ठेवल्या तर दिरहॅममध्ये २५,५११ रुपये ८५ पैसे, रुपयांत २६,०२८ रुपये ५६ पैसे. फरक ५१६ रुपये ७१ पैसे. वहिनींकडे मार्कअप न लावणारं कार्ड असतं, तर दिरहॅममध्ये फक्त २४,५०० गेले असते आणि रुपयांचं बटण दीड हजाराला पडलं असतं. विचित्र वाटेल, पण कार्ड जितकं चांगलं, तितकं हे बटण महाग.

रुपयांचं बटण नेहमीच वाईट असतं का? अगदी नेहमी नाही. मशीनवरच्या रुपयांच्या रकमेला दिरहॅमच्या रकमेने भागलं की त्यांचा दर कळतो. साडेचोवीसचा मूळ दर, ३.५ टक्के मार्कअप आणि वर १ टक्का शुल्क असलेल्या कार्डावर हा दर २५ रुपये २१ पैशांच्या खाली असेल, तरच रुपयांचा सौदा फायद्याचा. डीसीसीत इतका कमी नफा ठेवलेला क्वचितच दिसतो. कंपनीच्या खर्चाने फिरणारे काही जण मात्र पावतीवर रुपयांचा पक्का आकडा हवा म्हणून जाणूनबुजून हा पर्याय घेतात. पैसे कंपनीचे असतील तर तेही समजण्यासारखं आहे.

`DECLINE` दाबलं तर व्यवहार रद्द होतो?

एटीएमवर तर ही फसगत आणखी सहज होते. परदेशातल्या एटीएममधून पैसे काढताना शेवटी एक स्क्रीन येते. तिच्यावर रुपयांची रक्कम, दर आणि खाली दोन पर्याय असतात, `ACCEPT CONVERSION` आणि `DECLINE CONVERSION`. बहुतेकांना वाटतं की `DECLINE` म्हणजे पैसेच मिळणार नाहीत. तसं नाही. नकार फक्त त्या एटीएमच्या दराला असतो. पैसे तेवढेच बाहेर येतात, रूपांतर नेटवर्कच्या दराने होतं. काही मशीनवर हेच `WITH CONVERSION` आणि `WITHOUT CONVERSION` असं लिहिलेलं असतं. रुपयांच्या बाजूला `GUARANTEED RATE` असंही दिसतं. दर पक्का आहे एवढंच त्याचं म्हणणं, चांगला आहे असं नव्हे.

फॉरेक्स कार्डवाल्यांनी इथे जास्तच सावध राहावं. समजा, निघण्यापूर्वी कार्डात दिरहॅम भरून नेले. आता दुबईत दिरहॅममध्ये पैसे दिले तर रूपांतराचा प्रश्नच येत नाही. पण मशीनला एवढंच कळतं की कार्ड भारतातलं आहे, आत दिरहॅम आहेत हे त्याला दिसत नाही. त्यामुळे ते रुपयांचा पर्याय देतं. तो दाबला की दिरहॅमचे आधी रुपये होतात, मग ते रुपये वसूल करण्यासाठी कार्डातले दिरहॅम पुन्हा मोडले जातात. घरून दिरहॅम नेले, दिरहॅमच्याच देशात खर्च केले आणि तरी दोन वेळा रूपांतराचा भुर्दंड.

व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांच्याही नियमांनुसार डीसीसी निवडायचं की नाही, हे ग्राहकाने ठरवायचं असतं. दुकानदाराने परस्पर बटण दाबणं नियमात बसत नाही. प्रत्यक्षात मात्र गर्दीच्या काउंटरवर मशीन त्याच्या हातात असतं आणि तो दाबून मोकळा होतो. पावतीवर रुपयांची रक्कम, लावलेला दर आणि चलनाची निवड आपण केली अशा अर्थाची ओळ छापून येते. ती पाहूनच कळतं की रूपांतर झालं आहे. त्याच क्षणी, काउंटरवरून हलण्याआधी, तो व्यवहार रद्द करून स्थानिक चलनात पुन्हा करायला सांगता येतं. हॉटेलच्या खोलीत परतल्यावर लक्षात आलं तर काम दहापट किचकट होतं.

घरी बसून रुपयांत खरेदी केली, तरी शुल्क?

दुबई तर लांब राहिली. हाच प्रकार घरात सोफ्यावर बसून मोबाइलवर खरेदी करतानाही घडतो, आणि तो ओळखणं जास्त अवघड असतं. कारण तिथे दोन आकड्यांची स्क्रीन येत नाही. किंमत सरळ रुपयांत लिहिलेली असते.

बऱ्याच परदेशी कंपन्या भारतीय ग्राहकाला किंमत रुपयांत दाखवतात, पण त्यांचं व्यापारी खातं सिंगापूर, आयर्लंड किंवा अमेरिकेतल्या बँकेत असतं. हॉटेल बुकिंग, विमान तिकिटं, अ‍ॅप, ऑनलाइन कोर्स यांत असं अनेकदा दिसतं. कार्यालय मुंबईत आहे, जाहिरात मराठीत आहे, पण पैसे परदेशातून वसूल होतात. आपल्या बँकेसाठी तो परदेशी दुकानातला रुपयांचा व्यवहार. ५,००० रुपयांच्या खरेदीवर १ टक्का म्हणजे ५० रुपये आणि ९ रुपये जीएसटी, असे ५९ रुपये वर लागतात. रक्कम लहान आहे, म्हणून बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. शिवाय हे शुल्क अनेकदा खरेदीच्या ओळीला लागून नसतं, काही दिवसांनी वेगळ्या तारखेला येतं. महिन्याला पाच-सहा अशा खरेदी असतील तर स्टेटमेंटमध्ये कुठलं शुल्क कशाचं, हेच कळेनासं होतं.

दुकान देशी की परदेशी, हे पैसे देण्याआधी ओळखायची एक साधी युक्ती आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये काढलेल्या परिपत्रकामुळे प्रत्येक कार्डावर देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय वापर वेगवेगळा चालू-बंद करता येतो. बँकेच्या अ‍ॅपमध्ये ते बटण असतं. आंतरराष्ट्रीय वापर बंद ठेवून खरेदी करून पाहावी. किंमत रुपयांत आहे आणि तरी व्यवहार नाकारला गेला, बँकेकडून आंतरराष्ट्रीय वापर चालू करा असा संदेश आला, तर दुकान कागदोपत्री परदेशात आहे. ओटीपी न मागता पैसे कापले गेले, हीसुद्धा बऱ्याचदा तीच खूण असते. आणि खरेदी होऊन गेली असेल, तर स्टेटमेंटमध्ये दुकानाच्या नावापुढे शहर आणि देशाची अक्षरं पाहावीत. रक्कम `INR` आणि पुढे `SINGAPORE` असेल तर उत्तर मिळालं.

दुसरा प्रकार याच्या उलट. पानावर रुपये दिसतात, पण ते केवळ अंदाज म्हणून. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, `You will be charged in USD`. समजा, एखाद्या सॉफ्टवेअरचं मासिक सदस्यत्व २० डॉलर आहे आणि डॉलर ९० रुपयांना आहे. पानावर १,८०० रुपये दिसले. कार्डावर मात्र २,२११ रुपये ७२ पैसे लागले. सव्वाचारशेच्या आसपासचा हा फरक बघून माणूस बँकेवर चिडतो, पण त्यातला मोठा भाग बँकेचा नाहीच.

१ जुलै २०१७ पासून परदेशी कंपनीने भारतातल्या सामान्य ग्राहकाला विकलेल्या डिजिटल सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे. तो पैसे भरायच्या शेवटच्या पानावर जोडला जातो, त्यामुळे २० डॉलरचे २३ डॉलर ६० सेंट होतात. याचे रुपये झाले २,१२४. म्हणजे ३२४ रुपये कर. या रकमेवर ३.५ टक्के मार्कअप ७४ रुपये ३४ पैसे, त्यावर जीएसटी १३ रुपये ३८ पैसे. बँकेमुळे वाढले ते जेमतेम ८८ रुपये. म्हणून असा फरक दिसला की आधी कंपनीने ईमेलवर पाठवलेलं बिल उघडावं. त्यातली डॉलरची रक्कम आणि स्टेटमेंटमधली डॉलरची रक्कम एकच असेल, तर पुढचा सगळा फरक दर आणि मार्कअप यांचा. त्या दोन रकमाच वेगळ्या असतील, तर मात्र प्रश्न कंपनीला विचारायचा.

मेसेजमध्ये एक रक्कम, स्टेटमेंटमध्ये दुसरी

कार्ड वापरलं त्या क्षणी मेसेज येतो, पण तेव्हा पैसे प्रत्यक्ष गेलेले नसतात. बँकेने फक्त तेवढी रक्कम राखून ठेवलेली असते. दुकानदार आपला हिशेब पाठवतो, मग नेटवर्कमार्फत खरी वसुली होते. याला साधारण एक ते तीन दिवस लागतात, हॉटेल आणि गाडी भाड्याने देणाऱ्यांच्या बाबतीत जास्तही. परकीय चलनातल्या व्यवहाराला शेवटी वसुलीच्या दिवशीचा दर लागू शकतो. मधल्या काळात रुपया घसरला तर रक्कम वाढते, सावरला तर कमी होते. मेसेजमध्ये अनेकदा मार्कअपही धरलेला नसतो. तो स्टेटमेंटमध्ये `FCY MARKUP FEE` अशा वेगळ्या ओळीत येतो. त्यामुळे अ‍ॅपमधल्या प्रलंबित रकमेचा स्क्रीनशॉट काढून भांडायला जाण्यात अर्थ नाही. अंतिम नोंद होईपर्यंत थांबावं लागतं.

दिरहॅमच्या बाबतीत एक गंमत आहे. १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ दिरहॅम हा दर बांधलेला आहे. त्यामुळे रुपया-दिरहॅमचा दर हा खरं तर रुपया-डॉलरचाच दर असतो. रात्रीतून दिरहॅम महागला असं कुणी सांगितलं, तर डॉलरकडे पाहावं. डॉलर जागेवर असेल तर महागला तो मशीनचा दर, दिरहॅम नव्हे.

पैसे परत मिळतात तेव्हाही हेच उलट्या दिशेने होतं. समजा, ते १,००० दिरहॅम हॉटेलने पंधरा दिवसांनी पूर्ण परत केले आणि तोवर रुपया सावरून दिरहॅम २४ रुपये १० पैशांवर आला. खात्यात येतील २४,१०० रुपये. गेले होते २५,५११ रुपये ८५ पैसे. हॉटेल म्हणतं आम्ही पैन् पै परत केली, आणि ते खरंच आहे. १,४११ रुपये ८५ पैशांच्या या खड्ड्यात ४०० रुपये दराचे आहेत आणि बाकीचे मार्कअप व त्यावरच्या जीएसटीचे. बँका हे शुल्क सहसा परत करत नाहीत. परदेशी संकेतस्थळावर पूर्ण परतावा मिळेल म्हणून तीन हॉटेलं बुक करून दोन रद्द करण्याची सवय असेल, तर हा खर्च त्यात धरलेला बरा. बुकिंगच्या वेळी पैसे न घेता मुक्कामाच्या वेळी घेणारा पर्याय असेल तर हा प्रश्न उद्भवत नाही.

आणि तो २० टक्के कर?

सोशल मीडियावर अजूनही फिरणारी एक समजूत म्हणजे परदेशात क्रेडिट कार्ड वापरलं की सरकार २० टक्के टीसीएस कापतं. याला कारण झालं ते मे २०२३. तेव्हा परदेशातला क्रेडिट कार्डाचा खर्च लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीमच्या मर्यादेत आणण्याची घोषणा झाली होती. पण २८ जून २०२३ ला अर्थ मंत्रालयाने हा निर्णय पुढे ढकलला. त्यामुळे परदेश प्रवासात क्रेडिट कार्डावर केलेल्या खर्चावर टीसीएस लागत नाही. डेबिट कार्ड आणि फॉरेक्स कार्डाचा खर्च त्या मर्यादेत मोजला जातो, पण तिथेही १ एप्रिल २०२५ पासून आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस नाही. परदेशी सहलीच्या पॅकेजचा नियम तेवढा वेगळा आहे. वहिनींच्या स्टेटमेंटमधल्या दीड हजारांत सरकारकडे गेले ते केवळ ४६ रुपये ३१ पैसे.

तक्रार कुठे आणि कशाची?

दर महाग होता, ही तक्रार टिकत नाही, कारण बटण दाबताना दर स्क्रीनवर होता. निवड करूच दिली नाही, ही तक्रार मात्र टिकू शकते. तिच्यासाठी पावती हवी. पावतीवर दोन्ही चलनांतली रक्कम आणि दर असतो, म्हणून परदेशातून येताना कागदी पावत्या फेकून न देता त्यांचा फोटो काढून ठेवणं शहाणपणाचं. बँकेला लिहिताना जास्त पैसे कापले असं मोघम लिहिण्याऐवजी आपल्या संमतीशिवाय डीसीसी लावलं गेलं, असं नेमकं लिहावं आणि पावती जोडावी. मग बँक नेटवर्कच्या वाद प्रक्रियेतून ते प्रकरण पुढे नेऊ शकते. या प्रक्रियेला मुदत असते, त्यामुळे स्टेटमेंट आल्याबरोबर लिहिलेलं चांगलं.

बँकेने स्वतः लावलेलं शुल्क चुकीचं वाटत असेल, तर त्या कार्डाचं शुल्कपत्रक उघडून दोन गोष्टी पाहाव्यात. परकीय चलनातल्या व्यवहाराचा मार्कअप किती आणि परदेशी दुकानातल्या रुपयांच्या व्यवहारावर काय आकारणी आहे. दुसरी ओळ अनेकदा पहिलीपासून बरीच दूर, तळटीपेत असते. पत्रकात नसलेलं शुल्क लावलं असेल तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` या पत्त्यावर विनाशुल्क तक्रार नोंदवता येते.